बाहेरच्या हायड्रॉनिक सर्किटमध्ये ग्लायकॉल किती घालावं, आणि त्याने पंप व हीट एक्सचेंजरवर काय परिणाम होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापुरात स्किड बनवणाऱ्या, पायपिंग करणाऱ्या आणि थंड प्रदेशातली कामं घेणाऱ्या मंडळींसाठी आहे. चिंचोळीत किंवा अक्कलकोट रोडला तयार झालेलं युनिट लेहला जाऊन उभं राहतं. इथे चाळीस डिग्रीत उत्तम चाललेला पंप तिथे पहिल्याच थंड पहाटे फ्लो स्विचवर ट्रिप होतो. असं का होतं आणि ते आधीच कसं टाळायचं, हे खाली एकाच सर्किटचं गणित धरून सांगितलं आहे.

सोलापुरातच बसवलेल्या बाहेरच्या पाइपला ग्लायकॉल लागतं का?

हवामानासाठी लागत नाही. आपल्याकडे हिवाळ्यातली रात्र दहा-बारा डिग्रीपर्यंत उतरते, पाणी गोठायच्या जवळपासही जात नाही. गच्चीवरच्या सोलर हीटरला किंवा चिलरच्या बाहेरच्या पाइपला "सेफ्टी म्हणून" ग्लायकॉल घालणं म्हणजे पैसे देऊन चिलरची क्षमता कमी करून घेणं.

अपवाद आहे तो चिलरच्या आतल्या थंडीचा. पुरवठा साधारण चार-पाच डिग्रीच्या खाली न्यायचा असेल, तर इव्हॅपोरेटरच्या पृष्ठभागाचं तापमान शून्याखाली जाऊ शकतं. तिथे टक्का बाहेरच्या हवेवरून ठरत नाही, इव्हॅपोरेटिंग तापमानावरून ठरतो. डेअरीत उणे चार डिग्रीचं द्रावण हवं असेल आणि इव्हॅपोरेटिंग तापमान उणे दहा असेल, तर गोठणबिंदू उणे तेराच्या आसपास हवा, म्हणजे सुमारे ३० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल.

टक्का कशावरून ठरवायचा?

सगळ्यात आधी मालकाला एक प्रश्न विचारा: कडाक्याच्या थंडीत हे सर्किट चालू ठेवायचं आहे, की बंद असताना फक्त पाइप फुटू नये एवढंच हवं आहे? या दोन गरजांचे टक्के खूप वेगळे आहेत.

ग्लायकॉलचं द्रावण पाण्यासारखं एकदम दगड होत नाही. गोठणबिंदूच्या खाली गेल्यावर त्यात बर्फाचे बारीक कण तयार होतात आणि लगदा होतो. जितकं पाणी बर्फ होतं, तितकं उरलेलं द्रावण जास्त घट्ट होतं आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. हा लगदा प्रसरण पावतो, पण त्याला एक्सपान्शन टँककडे सरकायला वाट मिळाली तर पाइप शाबूत राहतो. याला बर्स्ट प्रोटेक्शन म्हणतात. मात्र लगदा पंपातून जात नाही. पंप चालू करायचा असेल तर द्रावण पूर्ण द्रवच असायला हवं, आणि त्याला फ्रीझ प्रोटेक्शन लागतं.

इनहिबिटर घातलेल्या प्रोपिलीन ग्लायकॉलसाठी व्यवहारात वापरायचे आकडे असे, टक्के आकारमानाने:

| सर्वात कमी तापमान | पंप चालायला हवा | फक्त पाइप फुटू नये |
|---|---|---|
| उणे ७ | १८ | १२ |
| उणे १२ | २९ | २० |
| उणे १८ | ३६ | २४ |
| उणे २३ | ४२ | २८ |
| उणे २९ | ४६ | ३० |

ठिकाणाच्या किमान तापमानाच्या आणखी तीन डिग्री खालची ओळ धरायची. लेहमध्ये जानेवारीतल्या काही रात्री उणे वीसच्या आसपास जातात, म्हणून तिथे उणे २३ ची ओळ. हिवाळाभर चालणारं गेस्ट हाउस असेल तर ४२ टक्के. ऑक्टोबरात कुलूप लावून एप्रिलमध्ये उघडणारं असेल तर २८ ते ३० टक्के पुरतं. मात्र वितळल्याची खात्री झाल्याशिवाय पंप लावायचा नाही, ही अट पॅनेलवर ठळक लिहून लावा.

वरच्या तक्त्यातले १२, १८, २० किंवा २४ टक्के प्रत्यक्ष वापरू नका. द्रावण पंचवीस टक्क्यांच्या खाली गेलं की गंजरोधकही तेवढंच पातळ होतं. शिवाय पातळ ग्लायकॉलमध्ये जिवाणू वाढतात, द्रावणाला आंबूस वास येतो आणि स्ट्रेनरवर बुळबुळीत थर बसतो.

पुढच्या गणितासाठी कोणतं सर्किट धरलं आहे?

३० किलोवॅटचा बॉयलर बाहेरच्या शेडमध्ये आहे. तिथून घरापर्यंत ४० मीटर जाणारा आणि ४० मीटर येणारा ३२ एनबी मीडियम क्लासचा काळा एमएस पाइप, आतला व्यास ३६ मिलिमीटर. बेंड आणि व्हॉल्व्हचे आणखी २० मीटर समतुल्य धरून घर्षणासाठी लांबी १०० मीटर. घरात प्लेट हीट एक्सचेंजर बसवला आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूला ग्लायकॉल ५० डिग्रीने येतं आणि ४० ने परततं, घराच्या बाजूला साधं पाणी ३५ ने येऊन ४५ ने जातं.

ही मांडणी मुद्दाम निवडली आहे. घरातल्या रेडिएटरपर्यंत सगळीकडे ग्लायकॉल फिरवण्यापेक्षा ते फक्त थंडीत उघड्या असलेल्या भागापुरतं ठेवणं आम्हाला बरं वाटतं. ग्लायकॉल कमी लागतं आणि घरातली गळती काढणं सोपं जातं. बदल्यात एक्सचेंजरवर काही डिग्री गमवाव्या लागतात, त्याचा हिशेब पुढे येतोच.

ग्लायकॉलने पंपाचं हेड किती वाढतं?

दोन गोष्टी एकत्र होतात. पहिली, द्रावण कमी उष्णता वाहतं. ४५ डिग्रीला एक लिटर पाणी दर डिग्रीमागे सुमारे ४.१४ किलोज्यूल नेतं, ४२ टक्क्यांचं द्रावण सुमारे ३.८६. म्हणून तेवढेच ३० किलोवॅट दहा डिग्रीच्या फरकाने न्यायला पाण्याचा प्रवाह ताशी २.६१ घनमीटर लागतो, ग्लायकॉलचा २.८०. म्हणजे सात टक्के जास्त.

दुसरी गोष्ट चिकटपणा. ४५ डिग्रीला पाण्याची व्हिस्कॉसिटी सुमारे ०.६ सेंटिपॉइज असते, या द्रावणाची सुमारे २. आपल्या १०० मीटर पाइपचं घर्षण काढलं तर असं येतं:

- साधं पाणी: सुमारे १.८ मीटर
- २८ टक्के ग्लायकॉल: सुमारे २.२ मीटर
- ४२ टक्के ग्लायकॉल: सुमारे २.५ मीटर

म्हणजे ४२ टक्क्यांना पाइपमधलं हेड जवळपास ४० टक्क्यांनी वाढतं. बॉयलर, एक्सचेंजर, स्ट्रेनर आणि व्हॉल्व्ह मिळून पाण्यावर २ मीटर जात असतील तर ग्लायकॉलवर २.७ धरा. एकूण ड्युटी पाण्यासाठी २.६ घनमीटरला ३.८ मीटर होती, ती आता २.८ घनमीटरला ५.२ मीटर झाली. बंद सर्किट असल्यामुळे इमारतीची उंची यात येत नाही, हे सगळं घर्षणाचंच हेड आहे.

पाण्यासाठी निवडलेला पंपच ठेवला तर काय होईल?

तो फिरेल, आवाजही नेहमीसारखाच येईल, म्हणून दोष लवकर लक्षात येत नाही. ३.८ मीटरला निवडलेला पंप या द्रावणावर ताशी साधारण २.४ घनमीटरवर येऊन थांबतो. दहा डिग्रीच्या फरकाने तेवढ्या प्रवाहातून २६ किलोवॅटच्या आतबाहेर उष्णता जाते. बॉयलर ३० ढकलत राहिला तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपमधला फरक दहाऐवजी पावणेबारा डिग्री होतो.

ओळखायची सोपी खूण हीच. दोन्ही पाइपवर एकाच बनावटीचे दोन थर्मामीटर लावा. पूर्ण लोडवर फरक डिझाइनपेक्षा दीड-दोन डिग्रीने जास्त दिसला तर प्रवाह कमी आहे. आधी स्ट्रेनर आणि हवा तपासा. ते ठीक असेल तर पंप लहान पडतोय.

लेहला पहाटे सुरू करताना प्रवाह इतका का पडतो? सोलापुरात तर टेस्ट पास झाली होती.

कारण सोलापुरातली टेस्ट वेगळ्याच द्रवावर झाली होती, टक्का तोच असला तरी. ४२ टक्क्यांच्या द्रावणाची व्हिस्कॉसिटी ४० डिग्रीच्या आसपास सव्वादोन सेंटिपॉइज असते. शून्य डिग्रीला ती दहा-अकरावर जाते आणि उणे १८ ला ३५ ते ४५ च्या घरात पोचते. मे महिन्यात वर्कशॉपच्या अंगणात जे द्रावण पाण्यासारखं वाहत होतं, तेच तिथे वीसपट घट्ट असतं.

याचा हेडवर होणारा परिणाम बघा. उणे १८ ला आपल्या पाइपमध्ये पूर्ण प्रवाह ढकलायचा म्हटला तर रेनॉल्ड्स नंबर सातशेच्या आसपास येतो. प्रवाह पूर्ण लॅमिनर होतो आणि नुसत्या पाइपचं हेड सव्वासात मीटर होतं. गरम असताना ते अडीच होतं.

इथे घाबरून तिप्पट हेडचा पंप निवडणं चूक आहे. तसा पंप घेतला तर तो उरलेला सगळा हिवाळा थ्रॉटल करून चालवावा लागतो आणि वीज फुकट जाते. लॅमिनर प्रवाहात हेड प्रवाहाच्या सरळ प्रमाणात घटतं, वर्गाच्या नाही. प्रवाह निम्मा झाला की हेडही निम्मं होतं. त्यामुळे ५.२ मीटरला नीट निवडलेला पंप थंड द्रावणावर साधारण निम्म्या प्रवाहावर टिकतो, आणि द्रावण तापेल तसा हळूहळू पूर्ण प्रवाहावर येतो.

म्हणून पंप गरम अवस्थेच्या ड्युटीला निवडा, आणि थंड अवस्थेसाठी तीन गोष्टी तपासा. बॉयलरला लागणारा किमान प्रवाह या निम्म्या प्रवाहाच्या खाली आहे का? फ्लो स्विच त्या प्रवाहावर ऑन होतो का, की त्याला पाण्याच्या हिशेबाने वर सेट केलंय? आणि पंपाच्या डेटाशीटवर कमाल व्हिस्कॉसिटी किती दिली आहे? लहान वेट-रोटर सर्क्युलेटरमध्ये द्रावण रोटरभोवतीही असतं. घट्ट द्रावणात त्याची मोटर जास्त करंट ओढते, गरम होते आणि सुरू होण्याआधीच कधी ट्रिप होते. मर्यादा ओलांडली जात असेल तर मेकॅनिकल सीलचा ड्राय मोटर पंप घ्या आणि मोटरच्या किलोवॅटमध्ये जागा ठेवा.

हीट ट्रान्सफर किती घटतो?

उत्तर उष्णता दुसऱ्या बाजूला कशाला द्यायची आहे यावर अवलंबून आहे, आणि इथेच बहुतेक कोटेशनमध्ये गफलत होते.

द्रावणाच्या बाजूचा फिल्म कोएफिशंट ४५ डिग्रीला पाण्याच्या जवळपास निम्मा होतो. यात सर्वात मोठा वाटा व्हिस्कॉसिटीचा आहे. त्यानंतर उष्णतावाहकता, जी पाण्याच्या दोन-तृतीयांशच उरते. प्रवाह सात टक्के वाढवल्याने त्यातलं थोडंसंच भरून निघतं.

आता प्लेट एक्सचेंजर घ्या. दोन्ही बाजूंना पाणी असताना दोन्हीकडचा अडथळा सारखा, समजा एक-एक, एकूण दोन. ग्लायकॉलच्या बाजूचा अडथळा दोन झाला की एकूण तीन होतो. म्हणजे एकूण यू व्हॅल्यू दोन-तृतीयांशवर येते. प्लेटच्या धातूचा अडथळा धरला तर घट तीस टक्क्यांच्या आसपास राहते. आपल्या उदाहरणात पाण्यावर ५ डिग्रीचा सरासरी फरक पुरत होता. तोच एक्सचेंजर ठेवला तर आता सात डिग्री लागतात, म्हणजे बॉयलर ५०/४० ऐवजी ५२/४२ वर चालवावा लागतो. बॉयलर असेल तर दोन डिग्री वाढवणं परवडतं. हीट पंप असेल तर प्रत्येक डिग्रीची किंमत वीजबिलात मोजावी लागते, तिथे प्लेट्सच ४० ते ५० टक्के जास्त घ्याव्यात. पुरवठादाराला चौकशी पाठवताना "वॉटर टू वॉटर" लिहू नका. ग्लायकॉलचा प्रकार, टक्का आणि दोन्ही बाजूंची तापमानं लिहा.

फॅन कॉइल किंवा रेडिएटरमध्ये चित्र वेगळं असतं. तिथे जवळपास सगळा अडथळा हवेच्या बाजूला असतो. पाण्याच्या बाजूचा कोएफिशंट निम्मा झाला तरी, नळीतला प्रवाह टर्ब्युलंट आहे तोवर, एकूण क्षमता थोडीच घटते. मात्र कमी लोडला वेग इतका उतरला की नळीत प्रवाह लॅमिनर होतो, तेव्हा कॉइलची क्षमता पायरीसारखी खाली येते.

थंड ग्लायकॉलमुळे घरातला एक्सचेंजरच फुटला, असं कसं होऊ शकतं?

अगदी होऊ शकतं, आणि या मांडणीतला सर्वात महागडा दोष हाच आहे. टक्का बरोबर आहे, ग्लायकॉल गोठलेलं नाही, बाहेरचा पाइप शाबूत आहे, तरी प्लेट्स फुटतात.

रात्रभर वीज नव्हती असं धरा. बाहेरच्या पाइपमधलं ८० लिटर द्रावण उणे २० ला पोचलंय, आणि ते द्रवच आहे कारण आपण ४२ टक्के घातलंय. वीज आली, पंप सुरू झाला. पुरवठ्याच्या पाइपमधलं द्रावण थेट एक्सचेंजरमध्ये शिरतं. पलीकडे साधं पाणी आहे, आणि घरातला पंप थर्मोस्टॅटची वाट बघत बंद आहे. प्लेट्समधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतलं ते पाणी गोठायला फार वेळ लागत नाही. निम्म्या प्रवाहाने हिशेब केला तर एकटा पुरवठा पाइप रिकामा व्हायला पावणेदोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ उणे वीसचं द्रावण प्लेटवरून वाहत असतं.

उपाय असा. घराच्या टोकाला, एक्सचेंजरच्या लगेच आधी, थ्री-वे व्हॉल्व्ह आणि बायपास ठेवा. सेन्सर पुरवठा पाइपवर, व्हॉल्व्हच्या आधी बसवा. द्रावण १० डिग्रीच्या वर जाईपर्यंत ते एक्सचेंजर टाळून परत बॉयलरकडे जायला हवं. बायपास शेडमध्ये बॉयलरजवळ ठेवला तर फक्त बॉयलरमधलं द्रावण तापतं आणि ४० मीटरचा थंड साठा तसाच राहतो. म्हणून जागा घराच्याच टोकाची. वीज गेल्यावर व्हॉल्व्ह आपोआप बायपासवर जाईल असा स्प्रिंग रिटर्नचा ॲक्ट्युएटर घ्या. शिवाय कंट्रोलमध्ये क्रम असा ठेवा की आधी घराकडचा पंप सुरू होईल, त्याचा प्रवाह सिद्ध होईल, मगच व्हॉल्व्ह एक्सचेंजरकडे उघडेल.

याला किती वेळ लागतो? सर्किटमध्ये एकूण १२० लिटर द्रावण आणि सुमारे अडीचशे किलो लोखंड आहे. उणे २० पासून अधिक १० पर्यंत यायला ३० किलोवॅटवर साधारण दहा मिनिटं. इन्सुलेशन चांगलं असेल तर तेवढंच. घरमालकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "हीटिंग सुरू होत नाही" म्हणून कोणीतरी व्हॉल्व्ह हाताने फिरवून टाकतो.

मग थोडं जास्तच, सरळ ५० टक्के घातलं तर सुरक्षित नाही का?

नाही. उणे १८ ला ५० टक्क्यांचं द्रावण ४२ पेक्षा बरंच घट्ट असतं, आणि वर सांगितलेली थंड सुरुवात आणखी जड होते. हेड वाढतं, प्लेट्स वाढतात, ग्लायकॉलचा खर्च वाढतो, आणि ज्या उणे ३४ पासून संरक्षण मिळतं ते तापमान त्या जागी येतच नाही. आणि "जितकं जास्त तितका गोठणबिंदू खाली" हेही सगळीकडे खरं नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं.

इथिलीन घ्यावं की प्रोपिलीन?

इथिलीन त्याच टक्क्याला पातळ असतं, त्यामुळे पंप आणि एक्सचेंजर दोन्हींना सोपं जातं. पण ते विषारी आहे. प्लेटच्या पलीकडे अंघोळीचं पाणी, दूध किंवा खाद्यपदार्थ असेल, किंवा गळती जनावरांच्या हौदाकडे जाऊ शकत असेल, तर प्रोपिलीनच. दोन्ही एकमेकांत मिसळू नका, कारण मग टक्का मोजायचा कुठलाही मार्ग उरत नाही.

गाडीचा कूलंट वापरू नये. त्यातल्या अनेकांमधल्या सिलिकेटचा जेल होऊन तो प्लेट्सवर बसतो.

जीआय पाइप चालेल का?

चालत नाही. जस्त आणि ग्लायकॉलमधलं गंजरोधक यांची प्रक्रिया होते, गंजरोधक संपतं आणि पांढरा गाळ स्ट्रेनरमध्ये येतो. काळा एमएस, तांबं किंवा स्टेनलेस वापरा. आपल्याकडचे प्लंबर सवयीने जीआयचे निपल आणि युनियन लावतात, तेवढ्यानेही त्रास होतो, म्हणून फिटिंग मागवतानाच "ब्लॅक" लिहा. सूत आणि सफेदा लावलेला जो आटा पाण्याला टिकतो, तो ग्लायकॉलला पाझरतो. शक्य तिथे वेल्डिंग, नाहीतर ॲनएरोबिक सीलंट. गॅस्केट आणि सील ईपीडीएमचे.

युनिट सोलापुरात पाण्याने टेस्ट करून पाठवलं तर काय बिघडतं?

पाणी पूर्ण निघत नाही. पंपाच्या केसिंगमध्ये, प्लेट्सच्या खालच्या पोर्टमध्ये, आडव्या पाइपच्या पोकात ते राहतंच. यातून दोन वेगळे तोटे होतात.

पहिला रस्त्यातला. लेहकडे जाताना ट्रक उंच खिंडी ओलांडतो. प्लेट एक्सचेंजरमध्ये उरलेलं साधं पाणी तिथे गोठलं तर युनिट साइटवर पोचायच्या आधीच फुटलेलं असतं, आणि ते कळतं भरल्यावर.

दुसरा टक्क्यातला. १२० लिटरच्या सर्किटमध्ये १२ लिटर पाणी उरलं असेल आणि त्यावर तुम्ही ४२ टक्क्यांचं तयार द्रावण भरलं, तर प्रत्यक्षात मिश्रण ३८ टक्क्यांच्या आत येतं. उणे २३ चं संरक्षण उणे १९ च्या जवळ आलं, म्हणजे राखलेली तीन डिग्री संपली आणि वर एक गेली.

म्हणून शेवटची टेस्ट ३० टक्के ग्लायकॉलच्या द्रावणानेच करा, ते पिंपात परत काढून पुढच्या युनिटला वापरा. उरलेला थेंबही मग ग्लायकॉलचाच असतो. पाण्यानेच टेस्ट करायची असेल तर सर्वात खालच्या बिंदूंना ड्रेन प्लग ठेवा, कोरड्या हवेने फुंकून काढा, आणि त्यानंतर द्रावण फिरवून काढा.

भरायचं कसं आणि किती?

आपल्या सर्किटच्या पाइपमध्ये दर मीटरला जवळपास एक लिटर मावतं, म्हणून ८० मीटरचे ८१ लिटर. बॉयलर, एक्सचेंजर आणि इतर धरून १२०. त्याचे ४२ टक्के म्हणजे सुमारे ५० लिटर ग्लायकॉल आणि ७० लिटर पाणी. वर दहा-पंधरा लिटर त्याच टक्क्याचं तयार द्रावण कॅनमध्ये साइटवर ठेवा.

मिश्रण सर्किटच्या बाहेर, पिंपात करा. आधी ग्लायकॉल आणि मग पाणी असं सर्किटमध्ये ओतलं तर ते बराच काळ थरांत राहतं, आणि थंड कोपऱ्यात नेमकं पातळ मिश्रण अडकतं. पाणी डीएम किंवा डिस्टिल्ड घ्या. बोअरचं जड पाणी घातलं तर त्यातले क्षार गंजरोधकाशी प्रक्रिया करून गाळ करतात, आणि क्लोराइड स्टेनलेसच्या प्लेट्सना खड्डे पाडतं. खालच्या बिंदूपासून सावकाश भरा. घट्ट द्रावणातून हवेचे बुडबुडे पाण्यापेक्षा हळू सुटतात, म्हणून हवा काढायचं काम द्रावण कोमट झाल्यावर पुन्हा एकदा करायचं.

ऑटो मेकअपची पाण्याची लाइन या सर्किटला जोडू नका. छोटी गळती झाली की ती लाइन गुपचूप साधं पाणी भरत राहते, प्रेशर गेज छान दिसतो आणि टक्का उतरत जातो.

एक्सपान्शन टँक पाण्याच्याच हिशेबाने घेतला तर?

लहान पडतो. हे द्रावण उणे २० पासून ५० डिग्रीपर्यंत सुमारे साडेतीन टक्के फुगतं, म्हणजे १२० लिटरमागे चार लिटरच्या वर. दहा डिग्रीला भरलं असेल तर तिथून उणे २० पर्यंत ते दीड लिटर आक्रसतं. टँकमध्ये तेवढा साठा नसेल तर दाब शून्याखाली जातो, हवा सुटण्याच्या व्हॉल्व्हमधून हवा आत ओढली जाते आणि सकाळी पंप हवेवर फिरतो. थंड पहाटे गेज शून्यावर आणि दुपारी गरम झाल्यावर ठीक, असं दिसलं तर गळती शोधण्याआधी टँकचा साठा आणि एअर चार्ज बघा.

टक्का कसा तपासायचा?

रिफ्रॅक्टोमीटरने, आणि त्यावर प्रोपिलीनची पट्टी आहे याची खात्री करून. इथिलीनच्या पट्टीवर वाचलेला आकडा चुकीचा येतो. तापमान भरपाई असलेली उपकरणंही साधारण १० ते ३० डिग्रीतच बरोबर वाचतात. सोलापुरात उन्हाळ्यात नमुना आणि उपकरण दोन्ही पंख्याखाली गार करून मगच वाचा. आधी डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून रेषा शून्यावर आणा. बॅटरीवाल्यांकडच्या हायड्रोमीटरवर विसंबू नका. प्रोपिलीनची घनता टक्क्याबरोबर थोडीच बदलते, आणि साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे उलट कमी व्हायला लागते.

नमुना पंप चालू असताना, अर्धा तास फिरल्यानंतर घ्या. सोबत पीएच बघा. तो सातच्या खाली उतरला, किंवा द्रावण तपकिरी होऊन उग्र वास यायला लागला, तर गंजरोधक संपलं आहे आणि वरून ग्लायकॉल घालून ते परत येत नाही. सगळं काढून, सर्किट धुऊन नवीन भरावं लागतं.

टक्का कमी निघाला तर नेमकं किती काढून किती घालायचं?

सूत्र असं:

```
D = V × (C2 − C1) / (100 − C1)
```

`V` एकूण लिटर, `C1` आताचा टक्का, `C2` हवा असलेला टक्का, `D` काढायचे लिटर. तेवढंच शुद्ध ग्लायकॉल परत घालायचं. १२० लिटरच्या सर्किटमध्ये ३४ टक्के सापडले आणि ४२ हवेत, तर १२० गुणिले ८ भागिले ६६, म्हणजे साडेचौदा लिटर. घातल्यावर किमान तासभर फिरवा, थ्री-वे व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना एकेकदा उघडा म्हणजे बायपासमधलंही मिसळेल, आणि मग पुन्हा वाचा. ही तपासणी सप्टेंबरात करून घ्या, कारण नोव्हेंबरात टक्का कमी निघाला तर ग्लायकॉलचे कॅन वेळेत वर पोचवणं अवघड होतं.